लेग प्रेसवर अडलेला श्वास

भाऊजींनी वयाच्या ५४व्या वर्षी जिममध्ये नाव घातलं. चार वर्षांपासून बीपीची गोळी चालू, पोट थोडं सुटलेलं, आणि ताईची रोजची भुणभुण. तिसऱ्या दिवशी ते लेग प्रेसच्या यंत्रावर जाऊन बसले. आधीच्या पोराने लावलेलं ८० किलो वजन तसंच होतं. ते काढायला लाज वाटली, म्हणून दात आवळून पाय सरळ केले. आठ वेळा जमलं. यंत्रावरून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ट्रेनर धावत आला, "काका, सकाळी काही खाल्लं नव्हतं का?"

खाण्याचा संबंध थोडाच होता. पाय रेटताना त्यांनी श्वास कोंडून धरला होता.

जड काही उचलताना आपण सगळेच हे करतो. गॅसचा भरलेला सिलिंडर उचलून पाहा. आत १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं वजन, म्हणजे सगळं मिळून तिसेक किलो. हात घालताच तोंड मिटतं, घसा आतून बंद होतो, पोट ताठ होतं. त्याने पाठीच्या कण्याला आधार मिळतो, म्हणून शरीर ते आपसूक करतं. मात्र छातीच्या बंद पेटीत वाढलेला दाब थेट रक्तवाहिन्यांतल्या दाबात मिळतो आणि बीपी क्षणात उसळतं. त्याच वेळी शिरांमधून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. श्वास सोडला की दाब एकदम खाली येतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. भाऊजींची अंधारी बहुधा तीच. वैद्यकात याला व्हॅल्साल्वा म्हणतात. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या एका इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं हे नाव. त्याला खरं तर कानात रस होता.

हा दाब किती चढतो, हे हाताला पट्टा बांधून कळत नाही. १९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात काही शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून तो मोजला. दोन्ही पायांनी लेग प्रेसवर जवळजवळ कमाल वजन रेटताना सरासरी आकडा ३२०/२५० निघाला, आणि एकाचा ४८०/३५०च्या वर गेला. ही धडधाकट तरुण मंडळी होती. दहा वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी श्वासाचा वाटा वेगळा काढला. कमाल वजन श्वास कोंडून रेटलं तेव्हा सरासरी ३११/२८४, आणि तेच वजन हळूहळू श्वास सोडत रेटलं तेव्हा १९८/१७५. १९८ हाही काही शांत आकडा नव्हे. आकसलेला स्नायू आतल्या रक्तवाहिन्या दाबतो, त्याचा भार उरतोच. म्हणून वजनही आवरावं लागतं. पण शंभराहून जास्त अंकांचा फरक नुसत्या घशाच्या झाकणाने पडतो.

"जोर लावताना श्वास सोडा, परतताना घ्या" हे प्रत्येक जिममध्ये सांगतात. घोळ होतो तो जोराची बाजू ओळखण्यात. खुर्चीतून उठताना जोर उठण्यात आहे, भिंतीवरच्या जोरात भिंतीपासून दूर जाण्यात. वरून दांडी खाली ओढायच्या यंत्रावर मात्र ओढण्यात आहे, आणि तिथे लोक हमखास उलटं करतात. भाऊजींना सोपी युक्ती कामाला आली. पाय रेटताना मोठ्याने "एएएक", "दोओओन" म्हणायचं. घसा बंद ठेवून आकडा म्हणताच येत नाही. आजूबाजूची पोरं हसतात, हसू देत. आकडा चिरका निघाला किंवा गिळला गेला, की वजन जास्त झालं आहे किंवा थांबायची वेळ झाली आहे.

वजन ठरवताना "एकदाच जास्तीत जास्त किती उचलता येतं" ही परीक्षा बीपीवाल्यांनी द्यायची नाही. भाऊजींनी पुन्हा सुरुवात केली ती ३० किलोंवर. बारा वेळा झाल्यावर ट्रेनरने विचारलं, "अजून किती जमतील?" ते म्हणाले, "पंधरा-वीस तरी." म्हणजे हलकं झालं. दोन मिनिटं थांबून ४० किलो लावलं. बारा झाल्यावर उत्तर आलं, "पाच-सहा." तेवढंच ठेवलं. पहिले दोन आठवडे एकच सेट, नंतर मध्ये दीड-दोन मिनिटं थांबून दोन. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस सुटी. लागोपाठ दोन दिवशी पंधरा-पंधरा वेळा आरामात झालं, तेव्हा ४५ किलोंवर गेले आणि मोजणी पुन्हा बारावर आणली.

ते पाच-सहा शिल्लक का ठेवायचे? कारण सेटमध्ये दाब प्रत्येक वेळेला चढत जातो आणि पाय थरथरू लागतात त्या शेवटच्या दोन-तीन वेळांत सर्वांत वर असतो. त्यामुळे हलकं वजनही अगदी दमेपर्यंत रेटलं तर तितकंच महागात पडू शकतं. तरुण पोरांसाठीचं "अजून एक, काका, अजून एक" इथे उपयोगाचं नाही. हँडल करकचून धरण्याने, डोकं खाली जाईल अशा बाकावर झोपून वजन उचलण्यानेही दाब वाढतो. तो बाक सोडूनच द्यावा.

डॉक्टरांकडे भाऊजी अंधारीनंतर गेले. जायचं होतं त्याआधी. घरचं यंत्र १४८/९२ दाखवत होतं. सर्वसाधारण रेघ अशी, की विश्रांतीत १८०/११०च्या वर असेल तर वजनाला हात लावायचा नाही, आणि १६०/१००च्या वर असेल तर आधी औषधाने दाब खाली आणायचा. पण एकट्या आकड्यावर परवानगी मिळत नाही. डॉक्टरांनी ईसीजी काढला, छातीत कधी दाटतं का विचारलं, मूत्रपिंडाची तपासणी केली आणि डोळ्यांचा पडदा पाहून घ्यायला सांगितलं, कारण पडद्यावरच्या नाजूक रक्तवाहिन्या अशा उसळीने फुटू शकतात. महाधमनी फुगलेली असेल किंवा पक्षाघात होऊन थोडाच काळ झाला असेल, तर हा व्यायाम थांबवावाच लागतो.

मग गोळ्यांची चिठ्ठी. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल या जातीची गोळी नाडी चढूच देत नाही. त्यामुळे हातावरच्या घड्याळात ठोके कमी दिसले म्हणून वजन हलकं आहे असं समजू नये. अशा वेळी आवाजावर विसंबावं. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी पडून चक्कर येते. भाऊजींची अॅम्लोडिपिन. ती रक्तवाहिन्या सैल करते, आणि व्यायामानंतर दाब काही तास तसाही उतरलेला असतो. म्हणून शेवटचा सेट झाल्यावर लगेच बसायचं नाही, पाच-दहा मिनिटं सावकाश चालायचं.

बीपी मोजायचं व्यायामाआधी. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात हृदयाच्या पातळीला, आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही. जिमच्या पायऱ्या चढून धापा टाकत घेतलेला आकडा वहीत लिहू नये, आणि व्यायामानंतरचा छान आकडा पाहून गोळीही बंद करू नये. छातीत दाटणं, अचानक तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, यांतलं काही झालं तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा.

भाऊजींना हे सगळं पटलं. एक सोडून. यंत्रावर बसल्यावर आधीच्याने लावलेलं वजन काढताना ते अजूनही इकडेतिकडे बघतात.