मेंढी सांभाळ, मग हात मोज

‘अनेक उत्तम आशीर्वाद’ झाल्यावर पत्राचं पहिलं वाक्य आहे : ‘आधी जोडातली पानं मोजून घे. बावन्न भरली तरच पुढे वाच.’

पत्र कराडच्या आजीचं, जर्मनीत लाइपझिगला शिकणाऱ्या नातीला लिहिलेलं. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे यायची तेव्हा नात मेंढीकोट खेळायची, पण कोणाची तरी भिडू म्हणून, मोठी माणसं डोळ्यांनी दाखवतील ते पान टाकत. आता वसतिगृहातल्या तिघांना खेळ शिकवायचा तर नियम मुळापासून सांगता यायला हवेत. फोनवर विचारलं तर आजी, आजोबा आणि मामा एकदमच सांगू लागले. शेवटी आजीने फुलस्केप कागद ओढले आणि मामाने त्यांचे फोटो काढून पाठवले.

पानं मोजायला सांगण्यामागे कारण आहे. जर्मनीत घरोघरी ‘स्काट’ हा खेळ खेळला जातो आणि त्याचा जोड बत्तीस पानांचा असतो. त्यात दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पानं नसतातच, सत्तीपासून एक्क्यापर्यंत जोड संपतो. शिवाय राणीवर ‘डी’ आणि गुलामावर ‘बी’ छापलेलं असतं. लाइपझिगच्या दक्षिणेला आल्टेनबुर्ग नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्काट तिथेच आकाराला आला आणि तिथल्या किल्ल्यात पत्त्यांचं संग्रहालयही आहे. नातीने दुकानातून आणलेला जोड नेमका बत्तीसचा निघाला होता.

मेंढीकोटाला पूर्ण बावन्न पानं लागतात. चार माणसं, दोन जोड्या, भिडू समोरासमोर. पानं उजव्या हाताने फिरतात, म्हणजे वाटणाऱ्याच्या उजवीकडच्याला पहिली. आधी प्रत्येकी पाच, मग चार, मग पुन्हा चार. तेरा पानं हातात आली की वाटणाऱ्याच्या उजवीकडच्याची उतारी. त्याने टाकलेल्या रंगाचं पान असेल तर बाकीच्यांनी तोच रंग द्यायचा. सगळ्यांत मोठं पान ज्याचं त्याचा तो हात, आणि पुढची उतारीही त्याचीच. इथपर्यंत जगातल्या निम्म्या पत्त्यांच्या खेळांसारखंच आहे, म्हणून आजीनेही ते चार ओळींत उरकलं आहे.

खरा खेळ पुढे आहे. चार रंगांच्या चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. डावात कोणाचे हात किती झाले यापेक्षा कोणाच्या हातांत मेंढ्या किती आल्या हे आधी बघायचं. तीन किंवा चार मेंढ्या ज्या जोडीकडे, तिने डाव जिंकला. दोन-दोन अशी वाटणी झाली तरच हात मोजायचे. एकूण हात तेरा, त्यामुळे सात ज्याचे त्याचा डाव आणि बरोबरीचा प्रश्नच उरत नाही. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या तर समोरच्यांवर मेंढीकोट चढला. तेराच्या तेरा हात गेले तर बावन्न पानी मेंढीकोट, आणि मग तो पुढच्या मे महिन्यापर्यंत ऐकून घ्यावा लागतो.

मेंढी अशी मोलाची, पण अंगात जोर नाही. एक्का, राजा, राणी, गुलाम ही चार पानं तिच्यावर आहेत. गुलामसुद्धा तिला उचलून नेतो. मेंढीकोटातली सगळी हुशारी या विसंगतीतून येते, असं म्हटलं तर चुकणार नाही. उत्तरेकडे याच जातकुळीचा ‘दहला पकड’ खेळतात, त्यातही दश्शीच पकडायची असते.

जर्मन मुलांचा गोंधळ इथेच होणार, हे नातीने आजीला आधीच सांगून ठेवलं होतं. स्काटमध्येही दश्शीला मोल आहे. एक्क्याचे अकरा गुण, दश्शीचे दहा, राजाचे फक्त चार. पण तिथे दश्शीला जोरही आहे, ती एक्क्याखालोखाल बसते आणि राजाला मारते. स्काट खेळत वाढलेला मुलगा राजावर दश्शी टाकून हात ओढायला जाईल आणि मेंढी घालवून बसेल. आजीने त्यावर लिहिलंय, ‘त्यांना सांग, आमच्याकडची मेंढी गरीब आहे. तिला कोणीतरी घरी आणावं लागतं.’

घरी कोण आणतो? भिडू. इथे आजीने एक गोष्ट लिहिली आहे, जी वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांच्याही चटकन लक्षात येत नाही. एका रंगाचा एक्का आणि त्याच रंगाची मेंढी एकाच्याच हातात आली की नवखा माणूस खूश होतो. वास्तविक तो अडचणीत असतो. एका हाताला प्रत्येकाचं एकच पान पडतं, त्यामुळे आपला एक्का आपल्या मेंढीला वाचवू शकत नाही. तो वाचवतो भिडूच्या मेंढीला. म्हणून एक्क्याची उतारी करताना समोरच्याकडे त्या रंगाची मेंढी असावी, एवढीच इच्छा करायची असते.

हुकूम ठरवायच्या दोन पद्धती महाराष्ट्रात सगळीकडे दिसतात. बंद हुकमात वाटणाऱ्याच्या उजवीकडचा माणूस आपलं एक पान पालथं ठेवतो आणि कोणाकडे उतारीचा रंग संपला की त्याला हुकूम उघडायला सांगता येतो. कट हुकमात सुरुवातीला हुकूमच नसतो. ज्याच्याकडे उतारीचा रंग पहिल्यांदा संपतो, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. आजीच्या घरी कट हुकूम चालतो, कारण त्यात हुकूम कोणता करायचा यासाठीही चढाओढ लागते. या पद्धतीचा एक डावच तिने पत्रात मांडून दाखवला आहे.

आजीच्या समोर आजोबा, उजवीकडे मामा, डावीकडे मामी. पानं मामीने वाटली, म्हणून उतारी आजीची. तिने बदामाचा एक्का टाकला, मामाने दुर्री दिली. आजोबांकडे बदामाची दश्शी होती. त्यांनी ती लगेच सोडली, कारण पहिल्याच फेरीत मामीकडे बदाम नसण्याची शक्यता अगदी कमी. मामीने छक्की दिली आणि एक मेंढी आजीकडे आली.

पुढची उतारी आजीने किलवरच्या तिर्रीची केली. वरवर ही चूक वाटते. मामाने राजा टाकला, आजोबांनी चव्वी दिली, आणि शेवटी बसलेल्या मामीने भिडूच्या राजावर किलवरची दश्शी निर्धास्त टाकली. तिच्यानंतर टाकणारं कोणी नव्हतं, किलवरचा एक्काही तिच्याकडेच होता. एक-एक झालं. पण आजीच्या हातात किलवरचं ते एकच पान होतं. ते घालवून ती मोकळी झाली. आता किलवर पुन्हा आली की कट तिचा.

मामाने आधी चौकटचा एक्का वाजवून घेतला, तो हात त्याचा. मग त्याने किलवरची राणी उतरली. आजोबांनी पंजी दिली, मामीने बारीक पान दिलं. आजीची पाळी शेवटची. तिने इस्पिकची दश्शी टाकली. एका पानात तीन कामं झाली : इस्पिक हुकूम झाला, राणीचा हात मारला गेला आणि स्वतःची दुबळी मेंढी स्वतःच्याच बळावर घरी आली. पत्रात या ओळीखाली दोनदा रेघ मारलेली आहे.

आता उरली होती चौकटची दश्शी, आणि ती मामाकडे होती. ज्या एक्क्याने त्याने हात घेतला, तो त्याच रंगाचा होता. चौकट दुसऱ्यांदा आली ती आजीच्या राणीवर. राजा बाहेर दिसला नव्हता, म्हणून मामाने मेंढी राखली आणि नव्वी दिली. बरोबरच केलं. पण पुढे त्याला मेंढी सोडायला मामीचा एकही मोठा हात मिळाला नाही. आजीने हुकमामागून हुकूम उतरवायला सुरुवात केली होती आणि प्रत्येक फेरीत पडलेली इस्पिकं ती मनात मोजत होती. अकराव्या हाताला आजोबांच्या इस्पिकच्या राजाने तेरावा हुकूम संपला.

प्रत्येकाकडे दोन पानं राहिली. आजोबांनी चौकटचा राजा टाकला. मारायला हुकूम कोणाकडे नव्हता, एक्का केव्हाच पडला होता. मामाच्या हातात किलवरचं एक पान आणि ती दश्शी. रंग असताना दुसरं पान देता येत नाही, त्यामुळे मेंढी द्यावीच लागली. तीन-एक. हात मोजायची गरजच पडली नाही.

या शेवटच्या हाताचा आधार म्हणजे रंग पाळण्याचा नियम, आणि नवख्यांच्या टोळक्यात नेमका तोच मोडतो. कधी मुद्दाम, बऱ्याचदा बदाम-चौकटीचा लाल रंग एकसारखा दिसल्यामुळे. चोरी त्याच हाताला कळत नाही. ‘नाही’ म्हटलेला रंग तीन-चार हातांनंतर त्याच माणसाकडून बाहेर पडतो तेव्हा कळते. म्हणून झालेले हात विस्कटायचे नाहीत, प्रत्येक हात वेगळा, आडवा-उभा रचून ठेवायचा, म्हणजे मागे जाऊन दाखवता येतं. आजीच्या घरी अशा वेळी डाव समोरच्यांचा धरतात. काही घरी तेवढे हात फिरवून खेळ पुढे नेतात. नातीने दोनपैकी काय करायचं ते पानं वाटण्याआधी ठरवावं, नाहीतर खेळ राहतो बाजूला आणि भांडण रंगतं.

खाणाखुणांबद्दल आजीची भूमिका जरा सोयीची आहे. भिडूला मेंढी विचारायची नाही, पान दाखवायचं नाही, ‘टाक की’ म्हणायचं नाही, हे सगळं तिने लिहिलंय. आजोबांच्या खोकल्याचा मात्र पत्रात कुठेही उल्लेख नाही.

डाव हरलेल्यांनी पानं पिसायची आणि वाटायची, हा शेवटचा नियम. वाटणाऱ्याचीच जोडी हरली तर वाटप त्याच्याचकडे राहतं, जिंकली तर ते उजवीकडे जातं.

ताजा कलम चौथा भिडू न मिळाल्यास काय करायचं याचा आहे. मग पाच-तीन-दोन खेळायचं. तिघांनी अनुक्रमे पाच, तीन आणि दोन हात करायचे. पहिली पाच-पाच पानं आली की पाच हातवाल्याने हुकूम बोलायचा, आणि एखाद्याचे हात कमी पडले तर पुढच्या डावात ज्याचे जास्त झाले त्याने त्याचं पान ओढायचं. या खेळाला तीसच पानं लागतात : सगळ्या रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत, आणि बदाम व इस्पिकची सत्ती. नातीने चुकून आणलेला बत्तीस पानांचा जर्मन जोड इथे चालतो. त्यातून चौकट आणि किलवरच्या सत्त्या तेवढ्या बाजूला काढायच्या.