पाकिटावरचं नाव

‘कुलकर्णी’ हे आडनाव कट निबने नीट लिहिता आलं, तर लग्नपत्रिकांच्या पाकिटांवरची बहुतेक नावं लिहिता येतील. पहिल्या अक्षराला खाली उकार, शेवटच्या अक्षरावर वेलांटी आणि तिच्यावरच रफार, आणि मधे ल. हा ल मराठी वळणाचा हवा, कारण हिंदी वळणाचा ल घरच्या वडीलधाऱ्यांच्या नजरेला लगेच खटकतो. बाराखडीचा कित्ता महिनाभर गिरवून झाला की मी शिकणाऱ्याला आडनावांकडेच वळवते. अक्षर सुटं असताना सुंदर दिसणं सोपं असतं, शेजाऱ्याला धरून बसवणं अवघड.

निबचा प्रश्न आधी सोडवावा. बाजारातल्या बहुतेक कट निब रोमन लिपीसाठी केलेल्या असतात आणि देवनागरीची जाड-बारीक रेघ त्यांच्या उलट तिरक्यातून येते. म्हणून डावखुऱ्यांसाठीची तिरपी निब घ्यावी, किंवा बोरू हव्या त्या बाजूने कापून घ्यावा. कोन सुमारे ४५ अंशांचा. तो टिकला की नाही हे कान्यांची खालची टोकं सांगतात. सगळी एकाच तिरकेपणाने संपली तर हात स्थिर आहे. एखादं टोक सपाट झालं, तर त्या अक्षरापाशी मनगट फिरलं आहे.

उंची निबच्या रुंदीवरून ठरवतात. दीड मिलिमीटरची निब घेतली, तर अक्षराचं अंग पाच निब, म्हणजे साडेसात मिलिमीटर ठेवावं. वर वेलांटी-रफारासाठी तीन निब आणि खाली उकारासाठी तीन निब मोकळे सोडावेत. वरची जागा कमी पडली की रफार वेलांटीत घुसतो आणि नाव वाचता येत नाही. शिरोरेषा शेवटी, पूर्ण नावावर एका दमात ओढावी. कान्यांची डोकी खालीवर झालेली असतील, तर ती तिथेच उघडी पडतात.

अच्युत पालवांची अक्षरं पाहून अनेकांना या कामाची ओढ लागते. तो मोकळेपणा भिंतीवर शोभतो, पाकिटावरचं नाव मात्र आजोबांना एका नजरेत वाचता यायला हवं.

पहिलं पैशाचं काम बहुधा नात्यातून किंवा सोसायटीतून येतं. समजा, १२० पाकिटं आहेत. होकार देण्याआधी दोन-तीन कोरी पाकिटं मागून घ्या. हातकागदावर शाई फुटते आणि रेघेला केस फुटल्यासारखे दिसतात, तिथे दाट पोस्टर कलर पाण्यात कालवून ब्रशने निबला भरावा. गुळगुळीत कागदावर शाई थेंब होऊन बसते आणि वाळल्यावरही बोटाला लागते. असा कागद नाकारलेला बरा. सोनेरी शाईची पूड तळाशी बसते, म्हणून दर दोन-तीन पाकिटांनंतर ढवळत राहावं, नाहीतर शेवटची नावं फिकी पिवळी येतात.

खरा धोका यादीत असतो. यजमान फोनमधली रोमन लिपीतली यादी पाठवतात. त्यातला Kale हा काळे की काले? Dange म्हणजे डांगे की दांगे? यादी देवनागरीत स्वतः उतरवून घ्यावी, यजमानांना मोठ्याने वाचून दाखवावी आणि ‘श्री. व सौ.’ कुठे, ‘सहपरिवार’ कुठे हेही तेव्हाच ठरवून घ्यावं. फिकट पाकिटात गडद रेघांचं कार्ड सरकवून खालून उजेड दिला की पेन्सिलीच्या रेघा मारायची आणि खोडायची गरज उरत नाही.

आता दर. तासाला बारा पाकिटं धरली, तर लिहिण्याचे दहा तास होतात. यादी आणि तयारीचे तीन. तासाला अडीचशे रुपये धरले, तर ३२५० रुपये. शाई, निब, सरावाचा कागद यांचे ३५०. एकूण ३६०० रुपये, म्हणजे पाकिटामागे तीस. हा आकडा माझा, तुमचा तास तुम्ही मोजा. निम्मी रक्कम आधी घ्या आणि शंभराला दहा ते बारा पाकिटं जादा मागा.

भेटवस्तूंच्या चिठ्ठ्यांचं तंत्र हेच, फक्त निब एक मिलिमीटरची. प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी, कारण तिथे जादा प्रत क्वचितच मिळते. नाव आधी त्याच निबने रद्दी कागदावर लिहावं, त्याची लांबी मोजावी, ती छापील रेघेच्या मध्यावर बसवून सुरुवातीची खूण हलक्या पेन्सिलीने करावी. खूण दुसऱ्या दिवशीच खोडावी, वरून कोरडी दिसणारी शाई खोडरबराखाली पसरते.

पाकिटं पोचवून झाली तरी कालवलेला रंग झाकणाच्या बाटलीत लग्नापर्यंत जपून ठेवा. यादीतून राहिलेली चार-सहा नावं शेवटच्या आठवड्यात येतातच, आणि नव्याने कालवलेली छटा आधीच्या पाकिटांशी जुळत नाही.