मामांचे १४ टक्के

गेल्या पावसाळ्यात आमच्या मामांना रत्नागिरीच्या घराचा जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी काचेवर रक्ताचा थेंब पसरून पाहिला. पांढऱ्या पेशी बेढब दिसत होत्या आणि मज्जेतच राहायला हव्या त्या कच्च्या पेशी, ‘ब्लास्ट’, रक्तात उतरल्या होत्या.

मुंबईस हाडातली मज्जा काढली. ५०० पेशींत ७० ब्लास्ट, म्हणजे १४ टक्के! साधारण नियम असा, की २० किंवा अधिक टक्के भरले तर अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. खाली राहिले आणि पेशी बेढब असल्या तर मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे मज्जेचा बिघाड. आम्हांस हायसे वाटले. डॉक्टर मात्र गप्प होते. एका ब्लास्टमध्ये त्यांना सुईसारखी लालसर काडी दिसली होती. तेवढ्याने निकाल लागत नाही. काडी दोन्हीकडे सापडू शकते.

गुणसूत्रांच्या तपासणीस जिवंत पेशी लागतात. त्या वाढवून ऐन विभाजनात थांबवाव्या लागतात. पहिला नमुना गोठला. मामांना पुन्हा सुई सोसावी लागली. दोन आठवड्यांनी कळले, की आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलून घेतले होते. ही अदलाबदल जॅनेट राउली यांनी १९७२ साली ओळखली. ती सापडली, की २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २० टक्क्यांची अट उरत नाही. तो ल्युकेमियाच.

“म्हणजे १४ मार्कांतच पास झालो म्हणायचा!” मामा म्हणाले. डॉक्टर हसले. या जातीला जोरकस औषधे इतरांपेक्षा बरी लागू पडतात, असे सांगून त्यांनी दुसऱ्याच दिवशी खाट मिळवून दिली.