चढता वक्र, उतरता वक्र

हाडांच्या स्कॅनसाठी रुग्णाला टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य टोचतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे सहा तास. सकाळी सहाला कुपीत त्याची मात्रा ८०० एकक असेल, तर दुपारी बाराला ४०० उरते, संध्याकाळी सहाला २००, मध्यरात्री १००. दर सहा तासांनी आधीच्या आकड्याला १/२ ने गुणायचं, एवढाच नियम. हा १/२ म्हणजे पाया. सहा-सहा तासांचे किती टप्पे झाले ते सांगणारा x म्हणजे घातांक.

सुरुवातीच्या मात्रेला १ मानलं की y = (1/2)ˣ हे फल मिळतं. त्याचा आलेख उतरता असतो, पण सरळ रेषेत उतरत नाही, आणि मुलं चुकतात ती इथेच. पहिल्या सहा तासांत ४०० गेले म्हणून पुढच्या सहा तासांतही ४०० जातील असं धरलं, तर संध्याकाळी कुपी रिकामी होईल आणि मध्यरात्री तीत उणे ४०० उरतील! खरं तर घटही दर टप्प्याला निम्मी होत जाते. त्यामुळे वक्र हळूहळू आडवा होतो, X-अक्षाच्या जवळ जवळ जातो, पण त्याला टेकत नाही. एका एककाला एक सेंटिमीटर घेतला, तर x = 10 ला त्याची उंची मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतकी असते. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड, म्हणून वहीत तो टेकलेला दिसतो.

आता घड्याळ मागे फिरवू. कुपी आदल्या मध्यरात्री भरलेली असेल, तर तेव्हा मात्रा १६०० होती. त्याआधी सहा तास, ३२००. म्हणजे x = −1 ला उंची २ आणि x = −2 ला ४. घातांक ऋण झाला म्हणून उत्तर ऋण होत नाही. डावीकडे जावं तशी मात्रा दुप्पट होत जाते, आणि दुप्पट होणं हे तर y = 2ˣ चं काम! १/२ म्हणजेच 2⁻¹, त्यामुळे एका वक्राची उजवी बाजू ती दुसऱ्याची डावी. दोन्ही एकाच कागदावर काढा, कागद Y-अक्षावर दुमडून उजेडाकडे धरा. वक्र एकमेकांवर बसतात. घडीवर दोघांचा बिंदू एकच, (0, 1), कारण शून्येतर कोणत्याही पायाचा शून्यावा घात १ असतो.

पाया ३ असो वा १/३, तऱ्हा हीच. पाया नेमका १ असेल तर मात्र नुसती आडवी रेषा येते, बघण्यासारखं काही नाही.

आलेख पाहून पाया ओळखायचा असेल, तर x = 1 पाशी उंची बघा. ती उंची म्हणजेच पाया. १ पेक्षा जास्त असेल तर वक्र चढता, कमी असेल तर उतरता. परीक्षेत y = 2⁻ˣ आलं, तर २ पाहून चढता वक्र काढू नका. x = 1 घाला, उंची १/२ येते. वक्र उतरताच आहे.