कमरेची उसण की दबलेली शीर?

कंबर दुखते असे सांगणारा माणूस आपल्याकडे घरोघरी सापडेल. बाजारात गोण्या उचलणारे बंधू असोत, बांधकामावर विटा वाहणाऱ्या भगिनी असोत किंवा दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणारी मंडळी असोत, कधी ना कधी प्रत्येकाची कंबर धरते. यातील बहुतेकांचे दुखणे स्नायूंचे असते आणि काही आठवड्यांत ते आपले आपण उतरते. परंतु कमरेच्या दुखण्यासोबत पायात मुंग्या येऊ लागल्या की घरात घबराट होते. कोणी म्हणते शीर दबली, कोणी म्हणते गादी सरकली. मग एकजण उसनवार पैसे काढून दुसऱ्याच दिवशी एम.आर.आय. करून घेतो, तर दुसरा उसण समजून कंबर तुडवून घेतो. या दोन्ही गोष्टी करण्याआधी रुग्णाने स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : दुखणे आणि मुंग्या पायात नेमक्या कुठपर्यंत जातात?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी शरीराची थोडी रचना पाहू. कमरेत पाच मणके आहेत. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, तिलाच लोक गादी म्हणतात. तिच्या कडेला चिवट कडे आणि आत मऊसर गाभा असतो. मणक्यांच्या पोकळीतून मज्जातंतू खाली उतरतात आणि दोन्ही बाजूंच्या फटींतून बाहेर पडून पायात जातात. गादी कधी साबणाच्या वडीसारखी सरकत नाही. तिचे कडे फाटते आणि आतला गाभा फुगून मागे येतो. तो शेजारच्या मज्जातंतूला टेकला की पायाचे दुखणे सुरू होते. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकेतील दोन शल्यचिकित्सकांनी हे कारण स्पष्टपणे मांडले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या बोलीत रक्तवाहिनीलाही शीर म्हणतात आणि मज्जातंतूलाही शीरच म्हणतात. त्यामुळे अनेकांना वाटते की रक्त अडले आहे, चोळून मोकळे करावे. मज्जातंतू म्हणजे रक्ताची नळी नव्हे, ती संदेश नेणारी तार आहे. तार ज्या भागाला जाते त्याच भागात मुंग्या येतात, मग ती कुठेही दबलेली असो. म्हणूनच पायाच्या अंगठ्याला येणाऱ्या मुंग्यांचे मूळ कमरेत असू शकते.

आता एक उदाहरण घेऊ. बेचाळीस वर्षांचे एक माथाडी कामगार. पन्नास किलोची गोणी उचलून वळताना त्यांच्या कमरेत चमक भरली. दुखणे कमरेच्या दोन्ही बाजूंना, थोडेसे उजव्या कुल्ल्यात आणि मांडीच्या मागच्या भागात. गुडघ्याखाली काही नाही. वाकले की दुखे, कूस बदलताना दुखे, स्नायू दाबले तरी दुखे. उताणे झोपून गुडघे दुमडले की बरे वाटे. हे स्नायूंच्या ताणाचे चित्र आहे. अशा दुखण्यात मांडीच्या वरच्या भागात थोडे बधिरल्यासारखे किंवा जड वाटू शकते, पण त्या संवेदनेला ठरलेली वाट नसते. विचारले तर रुग्ण पूर्ण तळहात मांडीवर फिरवतो. या गृहस्थांना गरम पाण्याच्या शेकाने आणि हलक्या चालण्याने दहा दिवसांत आराम पडला.

मधल्या काळात शेजाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांनी एका पायाळू माणसाची लाथही कमरेला लावून घेतली होती. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस. त्याच्या पायाने उसण उतरते ही समजूत अजून गावोगाव आहे. उसण उतरते हे खरे, कारण ती दहा-बारा दिवसांत उतरणारच असते. श्रेय मात्र लाथेला मिळते. स्नायूंच्या दुखण्यात हलक्या पायाने फारसे बिघडत नाही, परंतु फाटलेल्या गादीवर जोराचा दाब दिला किंवा कंबर पिळली तर दुखणे वाढू शकते.

ते पुन्हा कामावर गेले. तिसऱ्या आठवड्यात नळावर वाकून तोंड धुताना त्यांना जोराची शिंक आली आणि विजेचा झटका बसावा तशी कळ उजव्या कुल्ल्यापासून मांडीच्या बाहेरून, पोटरीच्या कडेने थेट पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्यापर्यंत गेली. त्यानंतर तीच वाट धरून मुंग्या येऊ लागल्या. गंमत अशी की कमरेचे दुखणे मात्र कमी झाले. घरच्यांना वाटले, कंबर सुटली, आता पाय तेवढा राहिला. वास्तविक हे बरे होण्याचे लक्षण नव्हते. दुखणे कमरेतून पायात उतरत गेले तर तंतूवर दाब असल्याचा संशय वाढतो. उलट पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत असे ते वर सरकू लागले तर ती सुधारणा समजावी, त्या वेळी कंबर थोडी जास्त दुखली तरी घाबरू नये.

डॉक्टरांनी त्यांना उताणे झोपवले आणि गुडघा न वाकवता उजवा पाय हळूहळू वर उचलला. साधारण पस्तीस अंशांवर ती जुनीच कळ पोटरीतून अंगठ्याकडे गेली. या तपासणीत पुष्कळांचा गोंधळ होतो. पाय उचलताना मांडीच्या मागे ताण बसणे किंवा फक्त कंबर दुखणे म्हणजे तंतू दबला असे नाही. कळ गुडघ्याखाली उतरली तरच तिला अर्थ आहे. मग डॉक्टरांनी चांगला असलेला डावा पाय उचलला, तेव्हाही कळ उजव्या पायात आली. असे होणे गादीच्या फुगवट्याकडे बऱ्याच खात्रीने बोट दाखवते.

यानंतर ताकदीची तपासणी. पायाचा अंगठा वर ताणून धरा, मी खाली दाबतो, असे डॉक्टरांनी सांगितले. डावा अंगठा हटला नाही, उजवा थोडा दबला. रुग्णाने स्वतः सांगितलेली एक गोष्ट येथे उपयोगी पडली : चालताना उजव्या पायातील चप्पल निसटत होती. टाचांवर चालताना उजवे पाऊल लवकर खाली येत होते, चवड्यांवर मात्र दोन्ही पाय सारखे चालत होते. अंगठा, पावलाची वरची बाजू आणि टाचेवरची चाल या तिन्हींचा मेळ बसला. कमरेच्या पाचव्या मणक्याचा मज्जातंतू दुखावला होता आणि तो बहुधा चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादीने. मुंग्या करंगळी आणि तळव्याच्या बाहेरच्या कडेला असत्या, त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता आले नसते, तर संशय त्याच्या खालच्या तंतूवर गेला असता. हे सारे दहा मिनिटांत, विनाखर्च कळले.

मग एम.आर.आय. का केला नाही, असा प्रश्न घरच्यांनी केलाच. साध्या एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, गादी आणि तंतू दिसत नाहीत, हे खरे. एम.आर.आय.मध्ये ते दिसतात. परंतु चाळिशीनंतर ज्यांना काहीच दुखत नाही अशा अनेकांच्या एम.आर.आय.मध्येही फुगलेली गादी दिसते. नुसता कागदावरचा फुगवटा हे दुखण्याचे कारण ठरत नाही. तो रुग्णाच्या लक्षणांशी जुळला पाहिजे. शिवाय अशा रुग्णांपैकी बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो, कारण बाहेर आलेला गाभा शरीर हळूहळू शोषून घेते आणि तंतूची सूज ओसरते. अंगठ्याची ताकद आणखी घटली, किंवा सहा आठवड्यांनंतरही पायाची कळ सोसवेना, तर एम.आर.आय. ताबडतोब करायचा, असे ठरले. तोवर दर आठवड्याला येऊन ताकद तपासून घ्यायची. हे येणे चुकवायचे नाही, ही अट होती.

पूर्वी अशा रुग्णाला फळीवर तीन-तीन आठवडे झोपवून ठेवीत. आता तसे करीत नाहीत. कळ असह्य असेल तेव्हा एक-दोन दिवस पडून राहावे, त्यानंतर घरात आणि अंगणात थोडे थोडे चालावे. पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, गादी लवकर बरी होत नाही. या गृहस्थांना उताणे झोपताना गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि जमिनीवर मांडी घालून जेवण्याऐवजी खुर्ची असे सांगितले गेले. गोणी उचलणे पूर्ण बंद. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस, त्याही जेवणानंतर. मूत्रपिंडाचा विकार, पोटातील अल्सर किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. कमरेचा पट्टा त्यांना स्वतःच्या हौसेने हवा होता. त्याने गादी आत जात नाही. प्रवासात आधार वाटला तर वापरावा, इतकेच.

चौथ्या आठवड्यात कळ पोटरीपर्यंत मागे आली, सातव्यात फक्त कुल्ल्यात राहिली. अंगठ्याची ताकद परतली. अंगठ्याजवळचा बधिरपणा मात्र पुढे कित्येक महिने रेंगाळला, कारण तंतू सावकाश भरून येतो. तो बधिरपणा पसरत नसेल तर त्यासाठी पुन्हा धावपळ करण्याचे कारण नाही. ज्यांची कळ हटतच नाही त्यांना शस्त्रक्रियेने पायाचा त्रास लवकर कमी होतो. परंतु वर्षभराने पाहिले तर शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले पुष्कळसे सारख्याच पातळीवर आलेले असतात. म्हणून त्या निर्णयात रोजगार किती दिवस बुडवणे परवडते याचाही विचार करावा लागतो.

पायातील प्रत्येक मुंगी कमरेतून येते असेही नाही. दोन्ही तळपायांना मोजे घातल्यासारख्या सारख्या मुंग्या येत असतील आणि कंबर दुखत नसेल तर आधी मधुमेहाची आणि ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करावी. उकिडवे बसून तासन्‌तास निंदणी किंवा भांडी घासण्याचे काम करणाऱ्यांचा तंतू गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दबू शकतो. त्यानेही पाऊल लोंबते. कंबरदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही.

आणि एक अवस्था अशी आहे की जिच्यात आठवडे नव्हे, तास मोजावे लागतात. कमरेच्या खालच्या भागात तंतूंचा पूर्ण जुडगा असतो. गादीचा मोठा तुकडा त्यावर पडला तर लघवी तुंबते किंवा नकळत होते, शौचावरील ताबा जातो, आणि जांघा, गुदद्वार व जननेंद्रियाभोवतीची, म्हणजे सायकलच्या सीटला टेकणारी जागा बधिर होते. बहुधा दोन्ही पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा येतो. कित्येक भगिनी संकोचापोटी हे सांगत नाहीत, बाळंतपणाचा किंवा वयाचा दोष समजून गप्प राहतात. डॉक्टरांनी विचारले नाही तरी हे स्वतःहून सांगावे. असे लक्षण दिसले की दवाखाना उघडण्याची वाट न पाहता, जेथे मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याच रात्री जावे आणि केसपेपर काढतानाच "कंबर दुखते" एवढेच न म्हणता "लघवी बंद झाली आहे, बसायची जागा बधिर आहे" असे स्पष्ट शब्दांत सांगावे. पाऊल अचानक लुळे पडले, उचलताच येईना, तरीही उशीर न करता असेच करावे.