‘का’ विचारलं की सफाई मिळते

अपहरणकर्त्यांशी बोलणी करणारे एफबीआयचे माजी अधिकारी ख्रिस व्हॉस 2016च्या ‘नेव्हर स्प्लिट द डिफरन्स’ या पुस्तकात ‘का’ जपून वापरायला सांगतात. ‘का’ ऐकला की माणूस माहिती देण्याऐवजी सफाई देऊ लागतो.

घरचंच उदाहरण घ्या. महिनाअखेरीला सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या नऊ गोळ्या उरल्या आहेत. सून विचारते, “बाबा, गोळ्या का नाही घेतल्या?”

“घेतो की! राहिली असेल एखादी.” विषय संपला.

तेच तिने “गोळी राहिली त्या दिवशी सकाळी काय काय चाललं होतं?” असं विचारलं, तर कळतं की ते एसटीच्या प्रवासाचे दिवस होते. गोळीने सारखं लघवीला जावं लागतं, म्हणून त्यांनी ती मुद्दाम टाळली. आता डॉक्टरांना नेमकं विचारता येतं: गोळीची वेळ बदलता येईल?

नुसता शब्द बदलून मात्र भागत नाही. “कसं काय विसरलात?” यात ‘कसं’ आहे, ‘काय’ही आहे, तरी रोख माणसावरच. “हे काय केलंत?” हा तर प्रश्नच नव्हे.

गंमत म्हणजे, समोरच्याने आपलीच बाजू मांडावी असं वाटतं, तिथे व्हॉस मुद्दाम ‘का’ वापरतात: “नेहमीचा पुरवठादार सोडून तुम्ही आमच्याकडे का यावं?”