एका हाताची फिल्म आणि दोन प्रश्न

शेताच्या बांधावरून भांडण झाले की रात्री नऊच्या सुमारास उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात दोन्हीकडची माणसे येतात. पुढे-मागे दोन पोलीस, त्यांच्या हातात ठाण्याची ‘यादी’, म्हणजे जखमीला तपासून दाखला द्या असे पत्र. त्या रात्री आलेल्या पोराच्या डाव्या हाताला गमचा गुंडाळलेला होता. बाप म्हणत होता, “साहेब, कोयत्यानंच मारलंय बघा.” समोरच्या बाजूनेही तक्रार दिली होती आणि तीत हाच पोरगा आरोपी होता. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.

रक्त थांबवणे आणि बोटांत रक्तपुरवठा आहे का पाहणे, हे आधी. पण टाके घालण्यापूर्वी जखम मोजून ठेवली पाहिजे, कारण टाके पडल्यावर कडा कशा होत्या ते परत कुणालाच सांगता येत नाही. ‘हाताला मोठी जखम’ असे लिहिलेला दाखला कोर्टात काहीच सांगत नाही. आम्ही लिहिले ते असे: डाव्या हाताच्या पुढल्या भागावर, करंगळीच्या बाजूला, कोपराच्या टोकापासून 13 सेंमी खाली, 4 सेंमी लांब, 0.8 सेंमी रुंद, हाडापर्यंत खोल. कोपराचे टोक जागचे हलत नाही, म्हणून मोजमाप तिथून. शिवाय दोन ओळखखुणा, अंगठ्याचा ठसा, मार लागल्याची सांगितलेली वेळ आणि तपासणीची वेळ. या दोन वेळा वेगळ्या लिहिल्या नाहीत तर उलटतपासणीत वकील तिथेच पकडतात.

जखम दिसायला सरळ, कापल्यासारखी होती. बापाचे खोटे नव्हते, त्याला तसेच वाटले होते. पण करंगळीच्या बाजूचे हाड, म्हणजे अल्ना, कोपरापासून मनगटापर्यंत कातडीच्या अगदी खाली असते. बोटाने चाचपले तरी ते लागते. काठीचा फटका बसला की कातडी काठी आणि हाड यांच्यात चेंगरून सरळ रेषेत फाटते. नडगीवर आणि डोक्यावरही हेच होते. भिंग घेऊन बघितले की फरक कळतो. धारेने कापलेल्या जखमेत कडा स्वच्छ असतात आणि केसही कापलेले असतात. इथे कडा खरचटलेल्या होत्या, केसांची मुळे चिरडलेली होती आणि जखमेच्या तळाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक धागे ताणलेले होते. कोयता हे धागे शिल्लक ठेवत नाही. दंडावर दोन समांतर लाल रेघा होत्या, मधली कातडी फिकी. मांसल जागी गोल काठी बसली की असाच वळ उठतो.

तरीही मतात ‘काठीने मारले’ असे लिहीत नाहीत. ‘कठीण व बोथट वस्तूने’ एवढेच लिहायचे, कारण मारताना डॉक्टर तिथे नव्हता. पुढे पोलिसांनी सीलबंद काठी आणली, तर ‘अशा वस्तूने होऊ शकते’ म्हणता येते. आणि दुखापत साधी की गंभीर, या रकान्यात त्या रात्री लिहिले: एक्स-रेपर्यंत मत राखून ठेवले आहे.

कायद्याने हाड मोडणे किंवा निखळणे ही गंभीर दुखापतच, मग तडा केसाएवढा का असेना. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये ही यादी आहे. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत, तर जाणूनबुजून केलेल्या गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे एका फिल्मवर बरेच अवलंबून असते, आणि फिल्म फसवते. अल्नामध्ये रक्तवाहिनी शिरायची एक तिरपी वाट असते, ती नवख्या डोळ्याला तडा वाटते. उलट, मागच्या वर्षीचे मोडलेले हाड कालचे म्हणून दाखवले जाते. ताज्या मोडीची टोके तीक्ष्ण दिसतात. भरून येणारे नवे हाड ढगासारखे दिसू लागायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून शंका असेल तर तीन आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढावी. पहिल्या फिल्ममध्ये ढग नाही आणि दुसरीत आहे, तर मोड त्याच भांडणाची असण्याला चांगला आधार मिळतो. वळाच्या रंगावरून दिवस मोजण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचे. हिरवा-पिवळा रंग माणसागणिक पुढेमागे होतो.

पोराचा अल्ना मधोमध आडवा मोडला होता. डोक्यावर येणारा फटका अडवायला हात वर केला की हेच हाड पुढे येते. इंग्रजी वैद्यकात पोलिसाच्या दंडुक्यावरूनच या मोडीला नाव पडले आहे. मात्र अल्ना एकटा मोडलेला दिसला की कोपर तपासल्याशिवाय सोडायचे नसते, कारण शेजारच्या हाडाचे डोके तिथे निखळलेले असू शकते. इटालियन शल्यविशारद मॉन्टेजिया याच्या नावाने ही दुखापत ओळखली जाते. म्हणून फिल्मवर कोपर आणि मनगट दोन्ही हवेत, समोरून आणि बाजूने. निखळले काही नव्हते.

आणि याच फिल्मवर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पडलेले होते. उलट तक्रारीत पोरगा आरोपी, बाप म्हणतो सतराचा, कागद काही नाही.

वाढत्या वयात लांब हाडाचे टोक दांड्यापासून वेगळे असते आणि मध्ये कूर्चेची चकती असते. कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही, म्हणून तिथे काळी रेघ उमटते. (लहान मुलांत हीच रेघ मोड समजून प्लास्टर घातल्याची उदाहरणे आहेत. दुसऱ्या हाताची फिल्म शेजारी ठेवली की उलगडा होतो.) वाढ संपत आली की टोक दांड्याला जुळते आणि रेघ मिटते. सगळे सांधे एकदम जुळत नाहीत. मुलांमध्ये कोपर साधारण सोळाच्या आसपास जुळते, मनगट अठरा-एकोणिसाच्या सुमारास, आणि कमरेच्या हाडाची वरची कड त्याच्याही नंतर. मुलींमध्ये हे सगळे एक-दोन वर्षे आधी. भारतीयांसाठी गॅलस्टॉन यांनी बंगालमधल्या लोकांवर केलेला 1937 चा अभ्यास आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

पोराचे कोपर पूर्ण जुळलेले, मनगटाची रेघ अर्धवट उघडी. कमरेची फिल्म वेगळी काढली, तर कड दिसत होती पण जुळलेली नव्हती. मत दिले: 16 पेक्षा जास्त, 18 पेक्षा कमी. इथे मोह आवरायचा असतो. ‘वय 17 वर्षे’ असे लिहिणारे डॉक्टर मी पाहिले आहेत आणि माझ्या मते ते चूकच. सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या जया माला प्रकरणात अशा अंदाजात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते असे म्हटले होते. खाणेपिणे आणि आजारपण यांनी रेघ पुढेमागे सरकते. म्हणजे अठराच्या आसपासच, जिथे उत्तराची सर्वांत गरज असते, तिथेच हाडे गुळमुळीत बोलतात.

म्हणूनच बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 94 ने हाडांना शेवटची जागा दिली आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच ही तपासणी. आणि वय धरायचे ते गुन्हा घडला त्या दिवसाचे.

पुढे पोराच्या आजोळच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याचे नाव सापडले. रजिस्टरमध्ये जन्मतारीख होती 1 जून, महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांची गुरुजींनी घातलेली तीच तारीख. त्या हिशेबाने भांडणाच्या दिवशी तो सतरा वर्षे नऊ महिन्यांचा होता. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेले, तिथे रजिस्टरमधली तारीख धरली गेली आणि आमचा हाडांचा अहवाल फायलीतच राहिला.